पिवळ्या छत्रीची रसवंती: सासवड-जेजुरी रोडवरच्या पाट्यांचा मजकूर

अर्धा किलोमीटर आधी, लिंबाच्या झाडाला (अक्षरं मोठी, गाडीतून वाचता आली पाहिजेत)

रस प्यायचाय?
पहिलं दुकान दिसलं म्हणून ब्रेक मारू नका.
पिवळी छत्री येऊ द्या.

अजून थोडं पुढं

बर्फ रसात नाही.
रस बर्फात.
🟡 पिवळी छत्री, डाव्या हाताला

दुकानावरचा मोठा फ्लेक्स

॥ श्री कानिफनाथ प्रसन्न ॥
कानिफनाथ रसवंती गृह
(पिवळी छत्रीवाले)

या रोडला कानिफनाथ नावाच्या रसवंत्या भरपूर आहेत, सगळ्यांची श्रद्धा त्याच बोपगावच्या गडावर, म्हणून नाव बदलणार नाही, ओळख म्हणून छत्री पिवळी केलीय!

मशीनच्या पुढं, उभं राहिल्यावर डोळ्यासमोर येईल अशी

बघत उभे राहा, आम्हाला आवडतं.

ऊस आमच्याच मळ्यातला, नीरा काठचा, ८६०३२ जातीचा. सकाळी तोडलेला त्याच दिवशी संपवतो. शेंड्याकडचा आळणी भाग आधीच काढून टाकतो, तो गाईंना. मग खरवडून, धुवून, मधे आलं आणि लिंबू घालून तीनदा पिळतो. चौथ्यांदा नाही, कारण मग सालीची चव उतरते आणि रस तुरट लागतो.

घुंगरू वाजलं म्हणजे तुमचाच ऊस मशीनमधे गेला. आधी काढून ठेवलेला रस आम्ही देत नाही, तो काळा पडतो.

पातेल्याच्या वर

रस ज्या पातेल्यात पडतो ते पातेलं बर्फात ठेवलंय, त्यामुळं रस गार होतो पण त्यात बर्फाचं पाणी जात नाही, फक्त दोन मिनिटं थांबावं लागतं, तेवढं थांबा, ग्लास काठोकाठ रसाचाच भरलेला मिळेल.

(बर्फ घालूनच पाहिजे असेल तर सांगा. खायचा पांढरा बर्फ वेगळ्या डब्यात आहे. निळा बर्फ खायचा नसतो, कुठल्याही दुकानात दिसला तर घेऊ नका.)

दर

हाफ १५
फुल २५
बिनबर्फाचा फुल पण २५च
पार्सल लिटर १००, एका तासात संपवा, घरी नेऊन फ्रीजमधे रात्रभर ठेवू नका प्लीज
काळं मीठ, जादा आलं, जादा लिंबू: पैसे नाहीत
क्यूआर खांबाला आहे, सुट्ट्याचं टेन्शन घेऊ नका

बाकड्याच्या मागच्या भिंतीवर

कावीळ बरी होते, किडनी साफ होते असलं काही आम्ही लिहिणार नाही. रस आहे, औषध नाही. शुगर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, बरोबर कुणी प्यायला आलं असेल तर तुम्ही सावलीत नुसतं बसा, माठातलं पाणी घ्या, बसायचे पैसे नाहीत.

जेजुरीहून परत येणाऱ्यांसाठी, समोरच्या बाजूला

येळकोट येळकोट जय मल्हार!
दादा, वहिनींना उचलून पायऱ्या चढलात, आता जरा टेका.
नवीन जोडप्याला पहिला फुल ग्लास आमच्याकडून. एकच ग्लास, दोन स्ट्रॉ.
(भंडाऱ्याचे हात धुवायला नळ उजवीकडं)

ट्रकवाल्या भावांसाठी, खालच्या बाजूला

गाडी डांबराच्या खाली घ्या, जागा मोठी केलीय.
उतरायचा कंटाळा आला असेल तर एकदा हॉर्न द्या, पोरगा ग्लास घेऊन येतो.

पालखीच्या दिवसांत लावायचा बॅनर

माउली, या.
पालखी सासवड सोडून जेजुरीला जाते त्या दिवशी इथं वारकऱ्यांना पैसे विचारले जाणार नाहीत, तुम्हीपण विचारू नका. ग्लास घ्या, तुळस घेऊन चालणाऱ्या आज्जींना आधी द्या, मागं रांग मोठी असते म्हणून पिऊन झालं की ग्लास टबात टाका, धुवायचं काम आमचं.
पाय दुखत असतील तर चटई टाकलीय.

चिपाडाच्या ढिगाजवळ, छोटी पाटी

चिपाड हातात घेऊन बघा. कोरडं आहे ना? सगळा रस तुमच्या ग्लासात गेला.

खडूची काळी पाटी, ऊस संपला की बाहेर लावायची

आजचा ऊस संपला.
शेजारून मोळी आणून चालवता आलं असतं, पण तो ऊस कधी तोडलाय ते आम्हाला माहीत नाही.
उद्या सकाळी ९ ला घुंगरू वाजेल.
तहान लागली असेल तर माठ बाहेरच ठेवलाय, झाकण परत लावा.