विषय: सकाळची पेंडिंग ऑर्डरची तपासणी स्क्रिप्टवर टाकायची का?

मेघना मॅडम, नमस्कार.

संगीताताईंना सीसीमध्ये ठेवलंय. काम त्यांचं आहे, त्यांच्या पाठीमागे बोलणं बरं नाही.

गणपतीत ताई गावी गेल्या तेव्हा चार दिवस सकाळची तपासणी माझ्याकडे होती. पॅनल उघडायचं, कालच्या तारखेचा फिल्टर लावायचा, तीन स्टेटससाठी तीन वेळा एक्सपोर्ट, मग पेमेंट गेटवेच्या शीटशी एकेक नंबर जुळवायचा आणि दहाच्या आत भिवंडीच्या गोडाउनला यादी व्हॉट्सअ‍ॅप करायची. मला रोज पाऊण तास लागला. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर हे जवळजवळ 20 तास होतात. पावसात कुर्ला-सायनला पाणी भरलं की ताई ट्रेनमध्ये अडकतात आणि यादी अकराला जाते, तोवर गोडाउनची पहिली गाडी निघून गेलेली असते.

पण मेल लिहायचं खरं कारण वेळ नाही. तिसऱ्या दिवशी नालासोपाऱ्याच्या एका दुकानदाराचा फोन आला, ‘अकरा दिवस झाले, कुकर कुठायत?’ ती ऑर्डर चारपैकी एकाही दिवशी माझ्या यादीत नव्हती. शोधलं तेव्हा कळलं की ऑर्डर आली त्या दिवशी ती व्यवस्थित कन्फर्म झाली होती. दोन दिवसांनी गोडाउनला माल डॅमेज निघाला म्हणून तिथल्या मुलाने ती परत स्टॉक होल्डला टाकली. आपला फिल्टर ऑर्डर कधी आली ते बघतो, अडकली कधी ते नाही. त्यामुळे मागाहून अडकलेली ऑर्डर सकाळच्या तपासणीत कधीच दिसत नाही, तपासणारा कितीही काळजीपूर्वक बघो. अशा आणखी दोन सापडल्या, त्या मी त्याच दिवशी मोकळ्या केल्या.

म्हणून तारखेचा फिल्टरच काढून टाकायचा आणि स्टेटस शेवटचं कधी बदललं ते बघायचं:

```sql
SELECT order_no, status, status_changed_at
FROM orders
WHERE status IN ('PAYMENT_PENDING', 'STOCK_HOLD', 'COD_UNCONFIRMED')
  AND status_changed_at < UTC_TIMESTAMP() - INTERVAL 2 HOUR
ORDER BY status_changed_at;
```

दोन तासांची सूट एवढ्यासाठी की यूपीआयचे पैसे कापले गेले तरी गेटवेचा निरोप कधीकधी उशिरा येतो, आणि उगाच गिऱ्हाइकाला फोन जातो. सर्व्हर यूटीसीवर चालतो, म्हणून आपल्या पावणेआठसाठी क्रॉनमध्ये `15 2 * * 1-6` लिहावं लागेल. सर्वांत जुनी अडकलेली ऑर्डर यादीत सर्वांत वर येईल. यादी ताईंना मेलवर जाईल. गोडाउनला काय पाठवायचं ते त्या ठरवतील, स्क्रिप्ट नाही.

स्क्रिप्ट फक्त वाचेल. एकाही ऑर्डरचं स्टेटस ती बदलणार नाही, कुणाला मेसेज करणार नाही. सीओडीचे कन्फर्मेशन कॉल आहेत तसेच राहतील. कुठलं घाऊक गिऱ्हाईक दर वेळी दुपारनंतरच पैसे टाकतं, हे ताईंना तोंडपाठ आहे. मला चार दिवसांत त्यातलं काही कळलं नाही आणि अशाच एका जुन्या गिऱ्हाइकाला मी सकाळी साडेनऊला तगादा लावून बसलो. (त्यांनी सुनावलं, ते योग्यच होतं.)

मला भीती एकाच गोष्टीची वाटते. स्क्रिप्ट बंद पडली तर यादी येणार नाही, आणि यादी आली नाही म्हणजे आज काही अडकलेलं नाही असंच सगळे समजतील. म्हणून एकही ऑर्डर पेंडिंग नसली तरी ‘आज 0’ असा मेल यायलाच हवा. सव्वाआठपर्यंत काहीच आलं नाही तर स्क्रिप्ट बिघडली असं धरून ताईंनी थेट मला फोन करावा आणि त्या दिवशी जुन्या पद्धतीने तपासावं. ती पद्धत कुठेच लिहिलेली नाही, म्हणून ताईंसोबत बसून मी ती एका पानावर उतरवून ठेवतो.

दोन आठवडे दोन्ही एकत्र चालवू. ताई नेहमीसारखं तपासतील, मी रोज दोन याद्या ताडून बघेन आणि फरक का पडला ते शोधेन. त्यानंतर हाताने तपासणं थांबवायचं की नाही, ते ताई आणि तुम्ही ठरवा.

तुमच्याकडून एकच हवंय: रेप्लिका डेटाबेसवर फक्त वाचण्यापुरतं एक वेगळं खातं. माझ्या स्वतःच्या लॉगिनवर हे चालवायचं नाही, उद्या माझा पासवर्ड बदलला की सगळं ठप्प होईल. खातं गुरुवारपर्यंत मिळालं तर सोमवारपासून सुरू करता येईल. स्क्रिप्ट लिहायला मला दीड दिवस पुरेल, चालू कामातलं काही पुढे ढकलावं लागणार नाही.

ताई, यात तुमच्या नजरेतून सुटलेलं काही मी धरलं असेल किंवा तुम्ही बघता ते माझ्याकडून राहिलं असेल, तर बिनधास्त सांगा. पावसात अडकलात की निदान यादी तरी फोनवर असेल.

आपला,
निखिल
ऑर्डर सिस्टिम टीम, गोरेगाव