बारा क्रेनियल नर्व्ह्ज: दहा दिवसांचं वेळापत्रक

प्रिय छोटी,

सोमवारपासून दहा दिवस धर, म्हणजे मेडिसिनच्या पोस्टिंगआधी बाराही नर्व्ह पक्क्या होतील. रोज सकाळी वीस मिनिटं आणि रात्री मेसवरून आल्यावर अर्धा तास, एवढाच वेळ लागेल. एक अट मात्र आहे. कुठलीही नर्व्ह नुसती वाचून सोडायची नाही. नाव, काम आणि तपासणी ही तिन्ही एकाच वेळी, कुणाच्या तरी चेहऱ्यावर हात ठेवून शिकायची. यादी डोक्यातून निसटते, पण एखाद्याला गाल फुगवायला लावलेलं विसरत नाही. रूममेटला आत्ताच सांगून ठेव, की दहा दिवस तिचा चेहरा तुझा आहे.

दिवस १: नावं आणि आकडे

आज तपासणी नाही. तीन-तीनचे चार गट कर आणि पाढ्यासारखे मोठ्याने म्हण: ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर. ट्रॉक्लिअर, ट्रायजेमिनल, ॲब्ड्युसेन्स. फेशियल, व्हेस्टिब्युलोकॉक्लिअर, ग्लोसोफॅरिंजिअल. व्हेगस, ॲक्सेसरी, हायपोग्लॉसल. पहिल्या गटात तिन्ही नावं 'ऑ'नेच सुरू होतात, तिथे गोंधळ झाला तर वरून खाली ये: आधी नाक, मग दृष्टी, मग डोळा हलवणं.

नंतर आकड्यावरून नाव आणि नावावरून आकडा, उलटसुलट विचारून घे. "सातवी?" म्हटल्याबरोबर "फेशियल" यायला हवं. पहिलीपासून मोजत जावं लागलं तर अजून पाठ झालेलं नाही.

सेन्सरी, मोटर आणि मिक्स्ड यांची लांबलचक इंग्रजी वाक्यं पाठ करत बसू नकोस. फक्त सेन्सरी आहेत १, २ आणि ८, म्हणजे वास, दृष्टी आणि कान. मिक्स्ड आहेत ५, ७, ९ आणि १०. उरलेल्या सगळ्या मोटर. पॅरासिम्पथेटिक तंतू १०, ९, ७ आणि ३ मध्ये असतात, ते १९७३ हे साल म्हणून लक्षात ठेव. उगम असा: पहिल्या दोन मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेल्या, ३ आणि ४ मिडब्रेनमधून, ५ ते ८ पॉन्सच्या पातळीवर, ९, १० आणि १२ मेड्युलातून. अकरावीचा स्पायनल भाग मानेतल्या स्पायनल कॉर्डमधून वर चढतो.

दिवस २: पहिली आणि दुसरी

वासाची तपासणी वॉर्डात बहुतेक जण गाळतात, तू गाळू नकोस. रुग्णाचे डोळे मिटलेले, एक नाकपुडी बोटाने बंद, दुसरीजवळ कॉफी किंवा साबण. आधी "वास येतो का?" आणि मग "कशाचा?" असं विचार. बाम, कापूर, स्पिरिट किंवा अमोनिया चालत नाही. ते झोंबतात आणि झोंबणं पाचव्या नर्व्हने कळतं, त्यामुळे वास गेलेला माणूसही "हो, येतो" म्हणतो. सर्दी आहे का, हे आधी विचारून घे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात ही नर्व्ह मुद्दाम तपासावी, कारण तिचे तंतू क्रिब्रिफॉर्म प्लेटच्या बारीक छिद्रांतून जातात आणि तिथेच तुटतात.

ऑप्टिकला चार गोष्टी: नजर किती, फील्ड किती, रंग कळतात का आणि प्युपिल. चष्मा असेल तर तो लावूनच, एकेक डोळा झाकून. स्नेलेनचा तक्ता नसेल तर वर्तमानपत्र वाचायला दे, वाचता येत नसेल तर बोटं मोजायला सांग. फील्डसाठी समोरासमोर, एका उंचीवर, साधारण एका मीटरवर बस. तिने डावा डोळा झाकला की तू उजवा मीट. तुझं बोट दोघींच्या बरोबर मध्ये ठेवून बाहेरून आत आण. तुला दिसलं तेव्हाच तिलाही दिसायला हवं. ऑप्थॅल्मोस्कोपने फंडस पाहायला सरांकडूनच शीक, रूममेटवर तेवढं जमणार नाही.

दिवस ३ आणि ४: तिसरी, चौथी, सहावी

यांना मुद्दाम दोन दिवस दिलेत, कारण सगळ्यात जास्त प्रश्न इथेच विचारतात.

पहिल्या दिवशी फक्त स्नायू. लॅटरल रेक्टस सहावीचा, सुपिरिअर ऑब्लिक चौथीचा, उरलेले तिसरीचे. पापणी उचलणारा लिव्हेटर आणि प्युपिल आकुंचन करणारे तंतूही तिसरीचेच. हे एकदा बसलं की लिजनची चित्रं तूच काढू शकशील. तिसरी गेली तर पापणी पडते, डोळा खाली आणि बाहेर वळतो आणि प्युपिल मोठा होऊ शकतो. सहावी गेली तर डोळा बाहेर जात नाही. चौथी गेली तर जिना उतरताना किंवा वाचताना एकाचे दोन दिसतात आणि ते टाळायला रुग्ण मान निरोगी बाजूला कलती करतो.

दुसऱ्या दिवशी तपासणी. हनुवटीला हलका हात लाव आणि म्हण, "मान हलवू नका, फक्त नजरेनं माझ्या बोटाच्या मागं या. एकाचे दोन दिसले की लगेच सांगा." बोटाने हवेत इंग्रजी एच काढ, सावकाश, प्रत्येक टोकाला क्षणभर थांबून. चौथीसाठी डोळा आधी नाकाकडे आणि मग खाली न्यावा लागतो. नुसतं खाली पाहायला लावून चौथी तपासली असं होत नाही.

मग टॉर्च. प्रकाश बाजूने आण, एका डोळ्यावर टाक आणि दोन्ही प्युपिल बघ. आत जाणारा संदेश दुसरीचा, बाहेर येणारा तिसरीचा. हे वाक्य भिंतीवर लिहून लाव.

दोन गोष्टी कायमच्या लक्षात ठेव. मधुमेहात तिसरी गेली तर प्युपिल बहुधा वाचतो. प्युपिल मोठा होऊन तिसरी गेली, तर पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग आर्टरीच्या ॲन्युरिझमचा विचार त्याच क्षणी करायचा आणि वरिष्ठांना कळवायचं. दुसरी गोष्ट सहावीची. कवटीतला दाब वाढला की ती ताणली जाऊन दबते, आजार तिथे नसतानाही. म्हणून नुसती सहावी गेलेली दिसली की डोकेदुखी आणि उलट्यांबद्दल विचारायला आणि फंडस बघायला विसरू नकोस.

दिवस ५: पाचवी

कपाळ, गाल, हनुवटी या तीन जागी दोन्ही बाजूंना कापूस लाव, डोळे मिटलेले असताना. "दोन्हीकडे सारखं लागतं का?" जबड्याचा कोपरा पाचवीचा नाही, तो मानेच्या सी २ आणि सी ३ चा, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. टोचण्यासाठी दर रुग्णाला नवी पिन घ्यायची.

मोटरसाठी दात घट्ट आवळायला सांग आणि मॅसेटर व टेम्पोरॅलिसवर बोटं ठेव. स्नायू टणक झालेला हाताला लागतो. तोंड उघडल्यावर जबडा कमजोर बाजूला जातो. कॉर्नियल रिफ्लेक्समध्ये आत पाचवी, बाहेर सातवी. तो रूममेटवर करायचा नाही, वॉर्डात सरांच्या समोरच करायचा.

दिवस ६: सातवी

ही माझी सर्वांत आवडती, कारण खाटेजवळ उभं राहिल्यावर निम्मं निदान डोळ्यांनीच होतं. रुग्ण बहुतेक वेळा स्वतःच सांगतात, "चूळ भरताना एका बाजूनं पाणी ओघळतं", "जेवताना घास गालात अडकतो". नेझोलेबियल घडी कुठे पुसली गेली आहे, ते बोलता बोलता बघून घे.

मग वरून खाली या सूचना दे: "कपाळाला आठ्या घाला. डोळे घट्ट मिटा, मी उघडते, उघडू देऊ नका. गाल फुगवा. दात दाखवा." हाच क्रम, हेच शब्द. "स्माइल करा" म्हटलं तर खेड्यातून आलेल्या आजी तुझ्याकडे बघत राहतील. "दात दाखवा" म्हटलं की लगेच करतात.

आठ्या पडतात की नाही, यावरच सगळं ठरतं. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. म्हणून स्ट्रोकमध्ये तोंड वाकडं झालं तरी आठ्या पडतात. बेल्स पाल्सीमध्ये नर्व्हच गेलेली असते, त्यामुळे त्या बाजूला आठ्या पडत नाहीत आणि डोळाही मिटत नाही, मिटायला गेलं की बुबुळ वर सरकताना दिसतं. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव, अश्रू, जबड्याखालच्या ग्रंथींची लाळ आणि कानातला स्टेपिडिअस हेही सातवीकडेच. मोठा आवाज सहन होत नाही का, असं विचारायला विसरू नकोस.

दिवस ७: आठवी

एका कानाच्या भोकाजवळ बोट हलवत ठेवून दुसऱ्या कानात मागून कुजबुजलेला आकडा परत सांगायला लाव. मग ५१२ चा ट्यूनिंग फोर्क. रिनेमध्ये तो आधी मॅस्टॉइडवर, मग कानासमोर. साधारणपणे कानासमोर जास्त ऐकू येतं. वेबरमध्ये कपाळाच्या मध्यावर. कंडक्टिव्ह दोष असेल तर आवाज आजारी कानात जातो, सेन्सरीन्यूरल असेल तर चांगल्या कानात. आज स्वतःच्या एका कानात बोट घालून वेबर करून बघ, पुस्तकातला अर्धा उतारा तिथेच समजेल. चक्कर येणाऱ्या रुग्णात निस्टॅग्मस बघायचा.

दिवस ८: नववी ते बारावी

"तोंड उघडा, आ करा." टॉर्चने बघ: टाळू दोन्हीकडून उचलला जातो का, युव्युला मध्येच राहतो का. व्हेगस गेली तर युव्युला निरोगी बाजूला ओढला जातो. आवाज बसलाय का, पाणी पिताना ठसका लागतो का, हेही नववी आणि दहावी या दोघींत. गॅग रिफ्लेक्समध्ये आत नववी, बाहेर दहावी, पण जाग्या माणसाला उगीच त्रास द्यायचा नाही, आणि कित्येक निरोगी लोकांत तो येतच नाही.

अकरावीसाठी "खांदे वर उचला" म्हणून वरून दाब. मग हनुवटीवर हात ठेवून मान वळवायला लाव. डावीकडे मान वळवतो तो उजवा स्टर्नोक्लीडोमॅस्टॉइड, इथे घाई करू नकोस.

बारावीसाठी जीभ आधी तोंडात पडलेली असतानाच बघ: बारीक झाली आहे का, फडफडते का. बाहेर काढल्यावर निरोगी जीभही थरथरते, म्हणून क्रम उलटा नको. मग "जीभ बाहेर काढा." ती कमजोर बाजूला वळते.

आजच वहीत तीन ओळी लिही: जबडा कमजोर बाजूला, जीभ कमजोर बाजूला, युव्युला निरोगी बाजूला.

दिवस ९: सलग बाराही

रूममेटवर पहिलीपासून बारावीपर्यंत, वहीत न बघता, घड्याळ लावून. पहिल्यांदा वेळ लागेल, लागू दे. अडखळशील ती नर्व्ह बाजूला लिहून ठेव आणि रात्री फक्त तीच कर. मग एखाद्या अनोळखी मुलीवर कर, कारण रूममेटला आता सगळ्या सूचना पाठ झालेल्या असतील.

आणि हो, दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळची वीस मिनिटं कोऱ्या कागदासाठी. कालपर्यंतच्या नर्व्ह्ज तीन रकान्यांत लिहायच्या: नाव, काम, तपासणी. आधी पुस्तक उघडायचं नाही. जिथे पेन थांबेल तेवढंच नंतर बघायचं.

दिवस १०: वॉर्ड

मेडिसिन वॉर्डातल्या सिस्टरना आणि ज्युनिअर रेसिडेंटना विचारून एका रुग्णाची परवानगी घे. स्ट्रोकचा रुग्ण मिळाला तर उत्तमच. आधी स्वतःचं नाव सांग, काय करणार ते सांग, आणि थकल्यासारखे वाटले तर थांब. नोंद करताना "क्रेनियल नर्व्ह्ज नॉर्मल" एवढंच लिहू नकोस. जी तपासलीस ती आकड्यासह लिही, जी नाही तपासली तिथे "तपासली नाही" असं स्पष्ट लिही.

टॉर्च, कापूस, पिना, कॉफीची पुडी आणि माझा ट्यूनिंग फोर्क आईकडे दिलाय, रविवारी घेऊन जा. रात्री नऊनंतर फोन कर, कुठलीही नर्व्ह उलटसुलट विचारेन.

तुझी ताई