पैठणी विणतानाच्या चित्रीकरणासाठी परवानगी मिळण्याबाबत

छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी

आदरणीय रमेशकाका,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या हस्तकलांच्या चित्रफिती आम्ही यूट्यूबवर दाखवतो. पैठणला तुमच्या मागावर दोन दिवस चित्रीकरण करू द्याल का? बाजारात यंत्रावरच्या साड्याही पैठणी म्हणून खपतात. हातमागावर पदरातला मोर उतरताना प्रत्येक रंगाची तिल्ली वेगळी फिरते, म्हणून उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. हे लोकांनी डोळ्यांनी पाहावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. काकूंची हरकत नसेल, तर त्यांचं कामही घेऊ.

तुमच्या कामाचा खाडा होईल, त्याचे रोजचे दीड हजार रुपये आधीच देऊ. एखादी नक्षी दाखवायची नसेल, तर कॅमेरा तिकडे वळणार नाही. चित्रफीत आधी तुम्ही पाहायची, नको वाटेल ते काढू. त्यात तुमचं नाव आणि गाव असेल. ती कुणाला विकणार नाही, जाहिरातीलाही देणार नाही. एक प्रत तुमच्याकडे राहील. पुढे कधी ‘काढून टाका’ म्हणालात, तर तेही करू.

रविवारी सकाळी फोन करते. नाही म्हणालात तरी राग नाही.

आपली,
मंजुषा