स्क्वॉटमध्ये गुडघे बोटांच्या पुढे जातात? जाऊ द्या, पण टाच बघा (शूटिंग स्क्रिप्ट, साधारण 5 मिनिटं)

शूटच्या आधी, कॅमेऱ्यावाल्यासाठी: ट्रायपॉड कंबरेच्या उंचीवर ठेव, वरून अँगल घेतला की खोली कमी दिसते आणि मग कमेंटमध्ये सगळे "हाफ रेप हाफ रेप" करत बसतात. साइड शॉट अगदी 90 अंशात हवा, जरा जरी तिरका झाला तर गुडघा किती पुढे गेला ते खोटं दिसतं. डेमो देणाऱ्याला शॉर्ट्स घालायला सांग, पायाचा पंजा फ्रेमच्या बाहेर गेला तर शॉट वाया. आणि चुकीचा फॉर्म दाखवायचे सगळे शॉट रिकाम्या काठीवर घ्यायचे, बारवर नाही, एकेक शॉट दोन-तीन रेपमध्ये संपव.

शॉट 1. साइड, पूर्ण शरीर, 20 किलोचा रिकामा बार, एकच सावकाश रेप. सगळ्यात खाली गुडघा बोटांच्या पुढे गेलेला दिसला पाहिजे, तिथे फ्रेम फ्रीज.
आवाज: "हे बघून तुमच्या जिममध्ये कोणीतरी नक्की ओरडलं असतं, अरे गुडघा पुढे चाललाय, गुडघे जातील! आता ह्याची टाच बघा. जमिनीला चिकटलेली आहे ना? मग आपण ह्याला थांबवणार नाही."
स्क्रीनवर: गुडघा पुढे = चूक? तसं नाही.

(एडिटसाठी: गुडघ्यावर लाल फुली नको, हाड मोडल्याचा आवाज तर अजिबात नको. थंबनेलवर "गुडघे खराब होतील" लिहिलं तर व्ह्यूज मिळतील, पण मग आपण व्हिडिओत जे सांगतोय त्याच्या बरोब्बर उलट होईल.)

शॉट 2. मी कॅमेऱ्यासमोर, छातीपर्यंत फ्रेम.
आवाज: "2003 मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, 7 पुरुष, सगळे वेट ट्रेनिंग करणारे. एकदा नेहमीसारखा स्क्वॉट करायला लावला आणि एकदा समोर फळी लावून गुडघे पुढे जाऊच दिले नाहीत. फळी लावल्यावर गुडघ्यावरचा टॉर्क, म्हणजे सांध्याला फिरवणारा जोर, साधारण 150 न्यूटन मीटरवरून 117 वर आला. छान ना? पण त्याच वेळी हिपवरचा 28 वरून 300 च्या पुढे गेला, आणि माणसं जास्त पुढे झुकली. म्हणजे जोर गायब नाही झाला, तो वर सरकला. आता हेही सांगतो, टॉर्क वाढला म्हणजे दुखापत झाली असं नाही, त्या अभ्यासात कोणाला पुढे दुखलं का हे तपासलेलंच नव्हतं, आणि 7 जणांवरून सगळ्यांसाठी नियम बनत नाही."
स्क्रीनवर: 150 → 117 गुडघा, 28 → 303 हिप. हे आकडे जोराचे आहेत, दुखापतीचे नाहीत.

ही शेवटची ओळ कापू नकोस, वेळ कमी पडला तर दुसरं काहीतरी काप.

शॉट 3. क्लोजअप, फक्त पाय, साइडने, काठीवर डेमो. टाच उचलली जाते, वजन चवड्यावर येतं, परत टेकते.
आवाज: "आपल्याला दुरुस्त करायचंय ते हे. टाच उचलली की तोल पुढे जातो, बार पुढे पळतो आणि वर येताना तुम्ही धडपडता. क्यू एकच, पायाचे तीन पॉइंट जमिनीत रोवा: टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. खाली जाताना तिन्ही जाणवत राहिले पाहिजेत."

शॉट 4. भिंतीसमोर, साइड, एक पाय पुढे. गुडघा भिंतीला टेकवायचा, टाच उचलायची नाही. पट्टी फ्रेममध्ये दिसू दे.
आवाज: "टाच उचलतेच आहे, क्यू देऊनही? मग घोटा तपासा. अंगठा भिंतीपासून मागे मागे न्या, टाच न उचलता गुडघा टेकेल तिथपर्यंत. ढोबळमानाने 10 सेंटीमीटरच्या आसपास असेल तर घोटा बहुतेक अडवत नाहीये. बराच कमी असेल किंवा दोन्ही पायांत मोठा फरक असेल तर घोट्यावर काम करा आणि तोपर्यंत टाचेखाली 2.5 किलोची प्लेट ठेवा. त्यात लाज कसली, वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच उगाच उंच नसते."

शॉट 5. समोरून 45 अंश, गुडघे आत येतात (काठी), मग दुरुस्त (बार).
आवाज: "वर येताना गुडघे किंचित आत गेले तर घाबरू नका, जड रेपमध्ये भल्याभल्यांचं होतं. उडी मारून उतरताना किंवा पळता पळता दिशा बदलताना गुडघा आत कोसळणं आणि लिगामेंटची दुखापत ह्यांचा संबंध अभ्यासला गेलाय, पण ते उचलून जसंच्या तसं सावकाश स्क्वॉटला लावता येत नाही. तरी मी दुरुस्त का करतो, कारण दर रेपला गुडघा वेगळ्या वाटेने गेला तर वजन वाढवणं अवघड होतं. क्यू: गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या दिशेने. 'गुडघे बाहेर ढकला' असं ओरडलं की लोक करंगळीवर उभे राहतात, म्हणून मी ते म्हणत नाही."

शॉट 6. मागून थोडा तिरका, कंबरेचा क्लोजअप, अगदी तळाशी कंबर आत वळते.
आवाज: "तळाशी कंबर थोडी वळणं बहुतेकांचं होतं. जास्तच वळत असेल तर त्याच्या जरा वर थांबा, पाय थोडे रुंद करून बघा." (एवढंच बोलायचं, ह्याच्यावर वेगळा व्हिडिओ होईल.)

शॉट 7. परत मी समोर. म्युझिक बंद. स्क्रिप्ट बघून वाचलं तरी चालेल पण शब्द बदलायचे नाहीत.
आवाज: "फॉर्म चांगला असला की दुखापत होणारच नाही असं मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. वजन एकदम वाढवणं, बऱ्याच गॅपनंतर थेट जुन्या वजनावर जाणं, ह्या गोष्टींकडेही तेवढंच लक्ष द्या. स्क्वॉट करताना टोचलं तर सेट थांबवा, वजन कमी करा, खोली कमी करून बघा. दुसऱ्या दिवशी मांडी भरून येणं वेगळं, सांध्यात दुखणं वाढत जाणं वेगळं. गुडघ्याला सूज आली, गुडघा अडकतोय, पाय अचानक निसटतोय, किंवा कंबरेतून पायात मुंग्या उतरतायत तर माझा व्हिडिओ बंद करा आणि डॉक्टर किंवा फिजिओला दाखवा. आणि कंबर दुखतेय सोबत मांड्यांच्या मधला भाग बधिर झालाय किंवा लघवी-संडासवर ताबा राहत नाहीये, तर वाट न बघता त्याच वेळी हॉस्पिटल गाठा."
स्क्रीनवर: मी ट्रेनर आहे, तुमचा गुडघा मी तपासलेला नाही. आधी ऑपरेशन किंवा दुखापत झाली असेल तर तपासणाऱ्याला विचारूनच सुरू करा.
(हे कार्ड पूर्ण वाचून होईपर्यंत ठेव, दोन सेकंदांत उडवू नकोस.)

शॉट 8. डेमो देणारा फोन जमिनीवर बाटलीला टेकवतो, मग कॅमेरा हटवून फोन बाकावर, कंबरेच्या उंचीवर.
आवाज: "आता तुमचा सेट शूट करा. फोन जमिनीवर नाही, असा कंबरेइतका वर. एकदा साइडने, एकदा 45 अंशातून. पहिला रेप बघून खूश होऊ नका, शेवटचे दोन बघा, टाच तिथेच उचलते. उचलत असेल तर पुढच्या सेटला वजन थोडं उतरवा आणि परत शूट करा."
डेमो देणारा बारवरून प्लेट काढतो, कट.