डायरीतलं पान आणि त्याची गोष्ट

आधी डायरीतलं पान, जसं लिहिलं होतं तसंच. एसटी सरकारात विलीन करा म्हणून चाललेल्या संपाच्या शेवटचं हे पान, आणि त्यातले अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीतले कंडक्टर.

गुरुवार, २१ एप्रिल २०२२, उंब्रज

आज अण्णा ड्यूटीवर गेले. कोर्टाने उद्यापर्यंतची मुदत दिलीय म्हणून कराड डेपोतले बरेच जण हजर होतायत. मी जागीच होते पण उठले नाही. परवा जेवताना मी बोलून गेले की विलीनीकरण नाहीच झालं तर दिवाळीपासून एवढं सोसून काय मिळालं, असंच जायचं होतं तर जानेवारीतच जायचं ना. अण्णा काही बोलले नाहीत, ताटात हात धुतला आणि उठले. मला राग कशाचा आलाय तेच कळत नाहीये, ते गेले नाहीत तरी आला असता. पॅन्ट ढिली झालीय त्यांची, पहाटे खिळा तापवून पट्ट्याला भोक पाडत होते, घरभर जळका वास. कॉलेजला जाताना नेमकी त्यांचीच गाडी आली. माझा पास कधीच संपलाय. तिकीट काढलं, पन्नासची नोट दिली, सुट्टे नव्हते तर त्यांनी तिकिटामागे २५ लिहून दिलं, बाकीच्यांना देतात तसं. मी कराडला पैसे न मागताच उतरले. तिकीट आहे अजून.

आता गोष्ट. यात "राग आला" हे वाक्य मी कुठंच ठेवलं नाही, आणि अण्णांना दुसरं नाव देऊन बघितलं तर ते कुणीतरी परके कंडक्टर वाटायला लागले म्हणून अण्णाच ठेवले. शेवट बदललाय, तो माझ्या सोयीने.

पट्टा

जळक्या चामड्याचा वास आला तेव्हा प्राजक्ता जागीच होती. चादरीच्या फटीतून तिला अण्णांची पाठ दिसत होती. ते गॅसपाशी उकिडवे बसलेले, चिमट्यात लाल झालेला खिळा, आणि तो पट्ट्यावर टेकवला की चर्र करून बारीक धूर निघायचा. जुन्या भोकापासून नवीन भोक चांगलं दोन बोटं आत होतं. भुसाराच्या दुकानात पोती उचलून उचलून माणूस असा वाळतो हे तिला आजपर्यंत दिसलंच नव्हतं, कारण दुकानात जाताना अण्णा लेंगा घालायचे.

"उठव की तिला," अण्णा म्हणाले.

"झोपू दे, उशिरा झोपलीय," आई म्हणाली, आणि प्राजक्ताने डोळे आणखी घट्ट मिटले. परवापासून दोघं एकमेकांशी आईमार्फतच बोलत होते. गाडीची किक दोनदा बसली, तिसऱ्यांदा आवाज आला आणि कराडच्या दिशेला विरत गेला.

साडेनऊला स्टॉपवर ही गर्दी. इतके महिने वडापवाल्यांना जास्तीचे पैसे मोजलेली सगळी माणसं लाल गाडी दिसल्यावर अशी धावली की प्राजक्ता आपोआपच आत ढकलली गेली. मागून आवाज आला, "पुढं सरका, पुढं सरका, मधे जागा आहे," आणि तिचे पाय तिथंच थांबले. हा आवाज घरात ऐकू येत नाही. घरात अण्णा एवढ्या मोठ्यानं कधी बोलतच नाहीत.

ते गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत आले. इस्त्रीचा खाकी शर्ट, छातीवर बिल्ला, गळ्यात मशीन, आणि पट्ट्याचं उरलेलं लांबलचक टोक बक्कलबाहेर लोंबत होतं.

"बोला, कुठं?"

तिने वर बघितलं. ते मशीनकडे बघत होते.

"कराड."

"पास?"

"संपलाय."

मशीनमधून कागद सरकला. तिने पन्नासची नोट पुढे केली.

"सुट्टे द्या."

"नाहीत."

अण्णांनी कानामागचं पेन काढलं, तिकीट उलटं करून त्यावर २५ लिहिलं, खाली रेघ ओढली आणि तिच्या हातात देऊन पुढच्या म्हातारीकडे वळले. "आज्जी, आधार कार्ड काढा." म्हातारी म्हणाली, "आलास का रं बाबा कामावर, बरं केलंस," तर हे नुसते हसले. प्राजक्ताने तो हसण्याचा आवाज दिवाळीनंतर पहिल्यांदा ऐकला, आणि तोसुद्धा दुसऱ्या कुणासाठी.

कराड स्टँडला लोक भराभर उतरले. ती मुद्दाम शेवटी राहिली. अण्णा दाराशी उभं राहून नोटा लावत होते. तिने तिकीट त्यांच्यापुढे धरलं.

"पंचवीस रुपये."

त्यांनी तिकीट घेतलं, मागचा आकडा बघितला, जसा काही दुसऱ्याच कुणी लिहिलाय, आणि बॅगेत हात घातला. एक वीसची नोट, पाचचं एक नाणं.

"पट्ट्याचं टोक आत घ्या, लोंबतंय," ती म्हणाली.

"घेतो," अण्णा म्हणाले. "डबा नेलायस का?"

"नाही."

"मग हे ठेव," त्यांनी वरच्या खिशातून दहाची नोट काढून तिकिटावर ठेवली. "हे माझे आहेत, डेपोचे नाहीत."