विषय : नाचणी सत्त्वात शेंगदाण्याचा अंश असल्याची गंभीर तक्रार, बॅच एनएस-0625-17, उत्तर 18 जुलैपर्यंत अपेक्षित

प्रति,
प्रमुख, गुणवत्ता विभाग

दिनांक : 14 जुलै 2025

महोदय,

ठाणे येथील एका ग्राहक महिलेने शनिवारी, 12 जुलै रोजी दूरध्वनीवरून व त्यानंतर ईमेलने केलेली तक्रार आपल्याकडे तातडीच्या चौकशीसाठी पाठवत आहे. त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आपले नाचणी सत्त्व खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्याने त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. मूल आता घरी असून त्याची प्रकृती स्थिर आहे.

सोबत खरेदीचे बिल, पाकिटाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, आईच्या लेखी संमतीने घेतलेली रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि संभाषणाची नोंद जोडली आहे. उरलेले पाकीट आमच्या प्रतिनिधीने काल त्यांच्या घरून आणले असून त्यांच्यासमोरच ते सीलबंद केले आहे. ते आज आपल्या प्रयोगशाळेत पोहोचेल. छायाचित्रात पिठामध्ये तांबूस सालीचे बारीक कण दिसतात. ते शेंगदाण्याचेच आहेत, असे मी म्हणत नाही. ते तपासणीनेच ठरेल. पाकीट घरी उघडलेले असल्याने केवळ त्यावरून निष्कर्ष काढता येणार नाही, म्हणूनच याच बॅचच्या राखीव नमुन्याचीही शेंगदाण्याच्या प्रथिनांसाठी एलायझा चाचणी मान्यताप्राप्त बाहेरील प्रयोगशाळेत करून घ्यावी. हा नमुना तोपर्यंत इतर कोणत्याही चाचणीसाठी वापरला जाऊ नये.

सत्त्व आणि शेंगदाणा लाडूचे तयार पीठ एकाच पॅकिंग यंत्रावर भरले जाते. त्यामुळे 17 जूनला या बॅचपूर्वी यंत्रावर कोणते उत्पादन होते, उत्पादन बदलताना सफाई कोणी केली, ती कोणी तपासली आणि त्याची नोंद आहे का, हे प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. पाकिटावर शेंगदाण्याचा कोणताही उल्लेख नाही. लेबलिंगच्या 2020 च्या विनियमांनुसार शेंगदाणा हा जाहीर करावयाच्या ॲलर्जीकारक घटकांपैकी असल्याने, अंश आढळल्यास हा विषय एका पाकिटापुरता राहणार नाही.

एकाच तक्रारीवरून सगळा माल अडवणे विक्री विभागाला जड जाईल, याची मला कल्पना आहे. तरीही अहवाल येईपर्यंत या बॅचचा गोदामांतील व वितरकांकडील साठा थांबवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण तेच पीठ या क्षणी दुसऱ्या एखाद्या घरात लहान मुलाला भरवले जात असू शकते.

साठ्याबाबतचा निर्णय मला आज सायंकाळी 5 पर्यंत कळवावा. चौकशीचा लेखी अहवाल शुक्रवार, 18 जुलै रोजी दुपारी 3 पर्यंत मिळावा. चाचणीचा निकाल तोवर आला नाही, तर तो कधी येईल ती तारीख त्यात नमूद करावी. येत्या शनिवारी मी स्वतः त्या मातेला दूरध्वनी करण्याचे कबूल केले आहे.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

प्रत माहितीसाठी : कारखाना व्यवस्थापक, विक्री प्रमुख