ग्रंथालयात विद्यार्थ्यांसाठी स्कॅनरसह प्रिंटर घेण्याकरिता निधी मिळण्याबाबत

दि. १६ जून २०२५
सदाशिव पेठ, पुणे ४११०३०

प्रति,
मा. सचिव,
व्यवस्थापन मंडळ
(मा. प्राचार्यांमार्फत)

विषय : ग्रंथालयासाठी स्कॅनरसह प्रिंटर खरेदीस ५२,००० रुपयांची तरतूद मिळणेबाबत

महोदय,

आपल्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांना प्रिंट काढण्याची किंवा स्कॅन करण्याची सोय नाही. कार्यालयातले यंत्र प्रशासकीय कामातच गुंतलेले असते, त्यामुळे मुलांना प्रत्येक कागदासाठी बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जावे लागते. प्रकल्प अहवाल जमा करायच्या दिवसांत तिथली रांग रस्त्यापर्यंत येते.

सर्वांत जास्त अडचण शिष्यवृत्तीच्या अर्जांची होते. महाडीबीटी पोर्टलवर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका असे सगळे अपलोड करावे लागते. अभ्यासिकेत बसून मुले मोबाईलवर फोटो काढतात. त्यात हाताची सावली पडते, तहसीलदारांचा शिक्का पुसट येतो, दाखल्याचा क्रमांक वाचता येत नाही. मग अर्ज त्रुटी दाखवून परत येतो. गावाहून येऊन वसतिगृहात किंवा कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांसाठी ही रक्कम म्हणजे फीचा प्रश्न असतो. केवळ अस्पष्ट फोटोपायी ती अडकून राहावी, हे मला ग्रंथपाल म्हणून पटत नाही.

दुसरी गरज संदर्भ विभागाची. तिथली पुस्तके घरी देता येत नाहीत. एखादा तक्ता किंवा दोन-चार पाने हवी असली, की विद्यार्थी तासभर हाताने उतरवत बसतात. कॉपीराइट कायद्यात वैयक्तिक अभ्यासासाठी जेवढी मुभा आहे, तेवढीच पाने काढून दिली जातील. संपूर्ण पुस्तकाची प्रत कोणालाही मिळणार नाही. जुन्या, सैल बांधणीची पुस्तके काचेवर ठेवू दिली जाणार नाहीत.

ग्रंथालय समितीत चर्चा करून आम्ही कृष्णधवल लेझर यंत्र सुचवत आहोत. शाईचे यंत्र स्वस्त मिळते, पण सुट्टीत बंद राहिले की शाई वाळते, आणि आपल्याकडे मे महिना तसाच जातो. यंत्राला कागद आपोआप ओढणारा फीडर आणि दोन्ही बाजूंनी छपाईची सोय असावी. यंत्रासाठी ३८,०००, पहिल्या वर्षाच्या टोनर व कागदासाठी १४,००० असा एकूण ५२,००० रुपये खर्च अपेक्षित आहे. तीन दरपत्रके सोबत जोडली आहेत.

स्कॅन विनामूल्य असावे आणि प्रिंटला पानामागे दीड रुपया घ्यावा, असे सुचवते. ही रक्कम पावती देऊन ग्रंथालय खात्यात जमा होईल व दुसऱ्या वर्षापासून टोनर-कागदाचा खर्च त्यातून भागवण्याचा प्रयत्न राहील. यंत्र देवघेव काउंटरशेजारी ठेवल्यास आहे त्याच कर्मचाऱ्यांना लक्ष ठेवता येईल. नवीन पद लागणार नाही.

प्रवेश पूर्ण होताच शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होतात. त्याआधी यंत्र बसावे म्हणून येत्या बैठकीत या मागणीस मंजुरी द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
ग्रंथपाल

सोबत : तीन दरपत्रके, ग्रंथालय समितीच्या ठरावाची प्रत